ब ची आडवी रेघ

मुकुटबनच्या शाळेत भीमराज मास्तर गणित शिकवायचे, पण पोरं त्यांना ‘काहून मास्तर’ म्हणायची. वहीत चूक दिसली तरी मास्तर फुली मारत नसत. त्या ओळीशेजारी लाल शाईनं एकच शब्द लिहीत: ‘काहून?’ म्हणजे ‘का?’. ओळ बरोबर असली तरी लिहीत. म्हणून हुशार पोरंही त्यांना टरकून असायची.

ही खोड घरातली. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यापासून त्यांची माय, कांताबाई, प्रत्येक रिवाजाला आडवी जायची. ‘हे आपण करतो ते काहून करतो?’ उत्तर मिळालं नाही की तो रिवाज घरातून बाहेर. लेकानं तेच भूमितीला लावलं.

बासष्ट सालच्या चाचणी परीक्षेत कोकिळा भूमितीत नापास झाली. चाचणीत नापास झालेल्याचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवत नसे. आणि फॉर्म गेला नाही तर लगीन, असं तिच्या बापानं, पुंडलिकरावानं, सांगून ठेवलं होतं. पेपर हेडमास्तर नानाजींनी तपासला होता. एका सिद्धतेला त्यांनी शून्य दिलं होतं.

कोकिळा पेपर घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत उभी राहिली. मागं बाप. भीमराज मास्तर तिथंच बसले होते.

“सर, शून्य काहून?”

“तुले बी लागला का तो रोग!” नानाजी भीमराज मास्तरांकडे बघत म्हणाले. “घ्या, तुमचीच चेली हाय. तुम्हीच वाचा.”

प्रश्न असा होता: कोणत्याही त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं असतं, हे सिद्ध करा. कोकिळानं पुस्तकातली रीत सोडून आपली लिहिली होती. त्रिकोण अबक. अ पासून बक वर लंब टाकला, तो जिथं टेकला तो बिंदू व. झाले दोन काटकोन त्रिकोण. प्रत्येक जण आपापल्या आयताच्या निम्मा. दोघांची बेरीज केली की झालं.

“रीत सुरेख हाय,” मास्तर म्हणाले.

“सुरेख? तिसरी ओळ पाहा. ‘वव गुणिले अव, भागिले दोन.’ वव म्हणजे व पासून व पर्यंत! अशी बाजू असते का कुठं?”

मास्तरांनी पेपर खिडकीपाशी नेला. आकृतीतल्या ब च्या पोटात आडवी रेघ ठसठशीत होती. खाली लिहिताना मात्र घाईत ती रेघ सुटली होती, आणि ब चा व झाला होता.

“कोकिळे, तू वखत म्हणतं का बखत?”

“कवा वखत, कवा बखत. घरी दोन्ही चालते, सर.”

“घरी चालते. भूमितीत ब येगळा, व येगळा.” मग नानाजींकडे वळून म्हणाले, “पण आकृतीत दोन्ही बिंदू साफ हायेत. पुढच्या ओळीत बेरीज करून तिनं पूर्ण बक आणला, तो तवाच येते जवा ही बाजू बव असन. विचार बरोबर, लिहिणं ढिलं. शून्य नाई देता येत.”

“मग पूर्ण द्या!” पुंडलिकराव खूश होऊन म्हणाले.

“थांबा बाप्पा.” मास्तर पुन्हा आकृतीवर वाकले. “कोकिळे, हा व बिंदू ब आणि क च्या मधातच पडते. काहून?”

“आकृतीत तसंच दिसते ना.”

“आकृती तूच काढली. प्रश्न म्हणते कोणताही त्रिकोण.”

ती बोटानं टेबलावर काहीतरी काढू लागली. एकाएकी बापाकडे वळली. “बाबा, आपलं नाल्याकडचं तिकोनी वावर! वरच्या टोकावरून खालच्या धुऱ्याच्या, बांधाच्या रेषेवर सरळ लंब टाकला, तर तो आपल्या धुऱ्यावर पडतच नाई. शेजारच्या देवराव काकाच्या वावरात पडते!”

“मंग?” मास्तरांचे डोळे चमकले.

“मंग बेरीज नाई, सर. मोठ्या त्रिकोणातून बाहेरचा वजा करा लागते. उत्तर तेच येते.” ती हसली. “अन् ब पाशीच काटकोन असला, तर व बिंदू ब वरच पडते. तवा ‘वव’ लिहिलं तरी चालन!”

“नाई चालन,” नानाजी गुरगुरले, पण हसू लपेना. “द्या मग पूर्ण. आता तर सांगितलं तिनं.”

“टेबलावरचं पेपरात मोजता येत नाई, सर. पेपरात त्रिकोणाची एकच जात सिद्ध झाली.” मास्तरांनी लाल शाईनं निम्मे गुण लिहिले. बाजूला ‘काहून?’ होतंच.

निम्म्यात ती पास झाली, काठावर.

“इतकं भांडून निम्मेच?” पुंडलिकराव कुरकुरले.

“तितकेच होते, बाबा,” कोकिळा म्हणाली.

फॉर्म गेला. लगीन एक साल लांबलं. मॅट्रिकच्या पेपरात तिनं ब ची रेघ इतकी दाबून ओढली, की मागच्या पानावर उमटली, आणि तिथला एक व ब होऊन बसला. हे तिनंच मास्तरांना येऊन सांगितलं.

मास्तरांनी विचारलं, “काहून?”