मडिवाळप्पाचा उजवा कान

निलंग्याच्या एस.टी. स्टँडमागे मडिवाळप्पाचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार बांबूंवर पत्रे आणि खाली तेलानं काळी पडलेली जमीन. पण उदगीरपासूनचे ड्रायव्हर तिथं यायचे, ते त्याच्या कानासाठी. गाडी दारात वळली की आप्पा दुखणं सांगतो, अशी त्याची ख्याती होती. आणि ख्याती माणसाला कुठं नेऊन घालेल, काही सांगता येत नाही.

तीस वर्षं घणाचे ठोके ऐकून त्याचा उजवा कान गेला होता. हे फक्त त्याची बायको गंगम्मा जाणत होती. ती रस्त्यानं नेहमी त्याच्या डाव्या बाजूनं चालायची. आप्पानं हे जगापासून लपवलं. कानावरच सगळी पत. ती गेली तर गॅरेजला कुत्रंही विचारणार नाही, ही धास्ती त्याला रात्रंदिवस असायची.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीच्या पाट्यांचा रंग वाळला नव्हता, आणि पहिलाच उन्हाळा असा की विहिरींचे तळ दिसू लागले. गावोगाव टँकर धावायचे. त्यातला एक व्यंकट चालवायचा. व्यंकट देगलूरकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. एका सकाळी तो आला.

"आप्पा, गाडी घुमाय लागलीय. हळू असताना न्हाई, जशी जोरात जाती तसं वाढतंय."

आप्पा शेजारी बसला. औराद रस्त्यावर गाडी पळू लागली तसा पुढून हूं हूं आवाज चढत गेला. व्यंकटनं स्टिअरिंग थोडं डावीकडं घेतलं, आवाज गुरगुरला. उजवीकडं घेतलं, बसला.

आता हा हिशेब आप्पानंच तालुक्यातल्या पोरासोरांना शिकवलेला. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो. आवाज वाढला तर उजवं बेअरिंग खराब. व्यंकट म्हणालासुद्धा, "उजवंच असंल ना, आप्पा?"

पण आप्पाला आवाज डावीकडून येत होता. त्याला आता सगळंच डावीकडून यायचं. कोंबडा डावीकडं आरवायचा, देवळातली घंटा डावीकडं वाजायची. हिशेब खरा मानायचा तर कान खोटा ठरत होता, आणि तेवढं त्याच्यानं झालं नाही.

"डावं हाय," तो म्हणाला.

डावं चाक काढलं. बेअरिंगच्या एका रोलरवर बारीक डाग दिसला आणि आप्पाचा जीव भांड्यात पडला. वर्षभर धूळ खाल्लेल्या कुठल्या बेअरिंगवर डाग नसतो? पण माणसाला हवं ते सापडलं की तो पुढं शोधत नाही. उजवं चाक त्यानं उचलूनही पाहिलं नाही. नवं बेअरिंग बसवलं, ग्रीस भरलं आणि रिकामा टँकर स्वतः चालवून पाहिला. डाव्या कानाशी इंजिन धडधडत होतं, उजवीकडं सगळं शांत.

"गेली घुमी," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी भरल्या टँकरचं उजवं बेअरिंग जाम झालं. दापक्याजवळच्या पुलावर चाक निखळलं आणि टँकर ओढ्यात कलंडला. शेतातले लोक धावले. खोटं कशाला सांगा, आधी घागरी आल्या, मग माणसं. त्यांना नावं ठेवायला आपली जीभ उचलत नाही. तोवर व्यंकटचा पाय पत्र्याखाली होता.

लातूरच्या दवाखान्यात पाय गुडघ्यापासून काढला. टँकरच्या मालकानं पोलिसांना सांगितलं, ड्रायव्हरनं बेफाम हाकली. कागदावर तसंच उतरलं.

आप्पा आठ दिवसांनी त्याला बघायला गेला. त्याआधी त्याचं धाडस झालं नाही. खाटेजवळ उभा राहून त्यानं विचारलं,

"गाडी नंतर घुमत व्हती का रे?"



"घुमत व्हती, आप्पा. पहिल्या दिवसापासून. भरल्यावर तर लईच."

"मग माघारी का आला न्हाईस?"

"तुमी म्हनलात, गेली. मला वाटलं, आप्पाला ऐकू येत न्हाई म्हंजी माझ्याच कानाचा भास."

 आप्पाला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

"माझा उजवा कान गेलाय, व्यंकट. चार वर्सं झाली."

 व्यंकटनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

आप्पा तिथून पोलीस ठाण्यात गेला. जमादारानं त्याला आपल्या खुर्चीशेजारच्या बाकावर बसवलं आणि त्याच्या उजव्या बाजूनं त्याचं नाव विचारलं. आप्पा उठला, खुर्चीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि म्हणाला, "इकडून विचारा सायेब. तिकडून मला ऐकू येत न्हाई. तेच लिहा आधी."