उलट्या सायकलीची पेडलं

मानपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी खोक्यातून आलेली सायकल जोडत होते आणि बाबा त्यांच्या घरून फोनवर सांगत होते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, म्हणून मी निमूट ऐकत होते. पुढचं चाक बसलं. हँडल चाकाशी काटकोनात धरून त्याचे चार स्क्रू तिरप्या क्रमाने, आलटून पालटून थोडे थोडे आवळले. मग सायकल सीट-हँडलवर उलटी ठेवली, डिस्क ब्रेकचे दोन बोल्ट सैल केले आणि लिव्हर दाबून धरून परत घट्ट केले. चाक न घासता फिरलं.

राहिली पेडलं.

"उजवं उजवीकडे, डावं डावीकडे. दोन्हींची वरची बाजू पुढच्या चाकाकडे जाईल असं फिरव," बाबा म्हणाले.

उजव्याचे आटे धरेनात. डावंही नुसतंच फिरत राहिलं. पेडलांवरची आर आणि एल ही अक्षरं तर बरोबर होती, आर साखळीच्या बाजूला. मग माझीच उजवी बाजू बदलली की काय?

"बाबा, तुमचं ते तंत्र जुन्या सायकलीचं असेल!" मी खेकसले. "जोर लावू?"

"खबरदार! आटे जातील." मग त्यांनी विचारलं, "सायकल चाकांवर उभी आहे ना?"

"नाही, उलटी आहे. का?"

"अगं, मग वरचं खाली गेलं ना! तू आवळत नाहीयेस, सोडवतेयस."

मी सायकल सरळ केली. दोन्ही पेडलं बोटांनीच सरसर आत गेली.

"लागली," मी पुटपुटले.

"चालतं म्हणजे जुन्या सायकलीचं नवीलाही," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.