हाफ डे मागितला, परमिशन मिळाली

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्हाला स्वयंपाकघराच्या दाराची चौकट दाखवली आणि तुम्ही दोघं हसत सुटलात. चौकटीवर तुमच्या उंचीच्या खुणा आहेत. त्यातली एक खूण तिच्या पुढच्या वर्षीच्या खुणेपेक्षा वर आहे, आणि तिरकी आहे. "आजी, मी मध्ये एक वर्ष बुटकी झाले होते का?" असं मोठीनं विचारलं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र माझं डोकं पुन्हा तापलं, इतक्या वर्षांनी. म्हणून लिहिते आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, पण रागावते मी मराठीतच. तेव्हा आईकडून वाचून घ्या.

सुट्टी संपवून तुम्ही परदेशी परत जायला निघता त्या दिवशी मी तुमची उंची मोजते, हे तुम्हाला माहीत आहे. आल्या आल्या नाही, निघताना. महिनाभर माझ्या हातचं खाऊन जेवढे वाढलात तेवढं माझ्या हिशेबी यावं, हा माझा त्यातला स्वार्थ. पायातले मोजे काढायचे, टाचा चौकटीला टेकवायच्या, मी डोक्यावर स्टीलची पट्टी आडवी धरणार आणि टोकदार पेन्सिलीनं रेघ ओढणार. हे काम मी दुसऱ्या कोणाला करू देत नाही. तुमचे बाबा पट्टी तिरकी धरतात.

ज्या वर्षाची ती खूण आहे, त्या वर्षी मी अजून नोकरीत होते. खराडीच्या एका कंपनीत, परदेशातल्या विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासण्याचं काम. तुमचं विमान मध्यरात्रीनंतर मुंबईहून, आणि गाडी आपल्या कोथरूडच्या घरून संध्याकाळी सातला निघणार असं ठरलं होतं. दिवस कामाचा होता. आमचं ऑफिस सुटायचं साडेसहाला. म्हणजे लवकर निघणं भाग होतं.

आमच्याकडे लवकर निघायचे दोन रस्ते होते. एक परमिशन: दिवसाच्या सुरुवातीचे किंवा शेवटचे दोन तास, महिन्यातून दोनदा, साहेबांच्या मंजुरीनं. तिच्यात रजा खर्च होत नाही, दिवस पूर्ण हजेरीचाच धरला जातो. दुसरा हाफ डे: दुपारी दोननंतरचं सत्र सगळं आपलं, पण शिल्लक रजेतून अर्धी कापली जाते. एका दिवशी दोन्ही चालत नाहीत. आणि हाफ डेचा अर्ज दुपारचं सत्र सुरू होण्याआधी जावा लागतो.

मी हिशेब केला. परमिशन घेतली तर साडेचारला सुटका, सहाला घर, सातला तुमची गाडी. कागदावर सगळं छान बसत होतं. पण नगर रस्ता कागदावर नसतो. शिवाय शिल्लक रजा कसल्या दिवसासाठी ठेवायची असते? मी आठवडाभर आधी ॲपवर हाफ डे टाकला. कारण लिहिलं, 'कौटुंबिक'.

दुसऱ्याच दिवशी तो नामंजूर होऊन आला. शेरा होता: 'परमिशन टाकावी.'

आमचे साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, वागायला अतिशय गोड. मी त्यांच्या टेबलाशी गेले.

"अहो मॅडम," ते म्हणाले, "एवढ्याशा कामासाठी रजा कशाला घालवता? नातवंडांना टाटा करायचा ना? दोन तासांत होतंय की. मी तुमचीच रजा वाचवतोय."

"मी वाचवायला सांगितली नव्हती."

"बघा, आजकाल कोणाचं भलं करायची सोय नाही." आणि हसले.

मला तेव्हाच भांडायला हवं होतं असं तुमची आई म्हणते. पण माझ्याशी कोणी गोड बोलत असेल तर मला पटकन भांडता येत नाही. मी परमिशन टाकली. पाच मिनिटांत मंजूर झाली. एवढ्या चपळाईनं त्या ऑफिसात दुसरं काही मंजूर झालेलं मी पाहिलं नाही.

माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, अमरावतीची. नवरा-बायको दोघं नोकरीला, तीन वर्षांचं लेकरू पाळणाघरात. तिनं माझी स्क्रीन पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काऊन मानलं तुम्ही, मॅडम? सगळ्यांनाच सांगतात न ते असं. हाफ डे वरच्या साहेबांच्या रिपोर्टमध्ये दिसतो, टीममधून किती जण गेले ते. परमिशन दिसतच नाही. म्हणजे कागदावर त्यांची पूर्ण टीम बसलेली."

"म्हणजे माझी रजा नाही वाचवली."

"त्यांचा रिपोर्ट वाचवला. माझे तर दोन हाफ डे असेच वाचवले त्यांनी. पोराला ताप होता तेव्हासुद्धा."

परत साहेबांकडे जावं असं वाटलं. पण मंजुरी आली होती, आणि वेळ पुरणार होता. मी पुढची फाइल उघडली.

तुम्ही निघालात त्या दिवशी दुपारी पावणेतीनच्या सुमाराला तुमच्या बाबांचा फोन आला. घाटात कंटेनर उलटला होता, एक्सप्रेस वेवर रांगा लागल्या होत्या. ड्रायव्हर म्हणत होता, सातला निघून विमान मिळायचं नाही. "आई, आम्ही पाचला निघतो. तू येतेस ना?"

मी उठले आणि सरळ साहेबांकडे गेले. म्हटलं, परमिशन रद्द करा, हाफ डे द्या, मी आत्ता निघते.

"आता कसा देणार?" साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "दुसरं सत्र सुरू झालं. सिस्टीम घेणारच नाही."

"मी आठवडाभर आधी मागितला होता. तेव्हा सिस्टीम घेत होती. तुम्ही घेतला नाहीत."

"मॅडम, तेव्हा गरज नव्हती ना. तुमची परमिशन आहे साडेचारची, तेव्हा निघा. आणि जाण्याआधी त्या तीन फाइल्स तेवढ्या."

बघा हं, मला या वाक्याचा राग अजून येतो तो का. रजा माझी होती. ती मी घेणार होते. त्यांनी तिच्या जागी परमिशन ठेवली, आणि परमिशन या शब्दाचा अर्थच परवानगी. म्हणजे वेळ त्यांचा, फाइल्स त्यांच्या, आणि मी साठीला टेकलेली बाई त्यांच्यापुढे उभी, शाळेत पोटात दुखतं म्हणून बाईंपुढे उभं राहावं तशी. माझ्या पर्सची चेन मी तिथंच उभ्या उभ्या लावली.

"मी निघाले," मी म्हटलं.

"मग अर्धा दिवस कापला जाईल, आधीच सांगतो."

"तोच तर मी देत होते."

मागून अमरावतीची म्हणाली, "फाइल्स इकडे द्या, मॅडम. तुम्ही पळा."

तीन वाजले होते. कॅब मिळायला वेळ गेला, आणि मग नगर रस्त्यानं आपलं काम चोख केलं. येरवड्याच्या चौकात आम्ही तीन सिग्नल नुसते बघत बसलो. दोनला निघाले असते तर मी तेव्हा घरी पोचून चहा टाकत असते, हे मी त्या गाडीत किती वेळा मनात म्हटलं ते विचारू नका. ड्रायव्हर बिचारा आरशातून बघत होता. बहुधा मी मोठ्यानं बोलत होते.

कर्वे रस्त्याला लागले तेव्हा पाच झाले होते. फोन आला. मोठे, तू होतीस.

"आजी, पट्टी कुठे असते?"

"माझ्या कपाटात. कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे गं." प्रत्येक वस्तू जागेवर आणि प्रत्येक कपाटाला कुलूप, ही माझी शिस्त. त्या दिवशी ती मलाच नडली.

"मग मी पट्टीशिवाय करते. बाबा म्हणतात चला."

"निघा तुम्ही," मी म्हटलं. "विमान आजीसाठी थांबत नाही. निघा लगेच."

घरी पोचले तर पार्किंगमधली जागा रिकामी. वर गेले. चौकटीवर दोन खुणा होत्या. धाकट्याची तू काढलेली, बरीचशी बरोबर. तुझी तू स्वतःच काढली होतीस, डोक्यावरून हात मागे नेऊन, आणि मला वाटतं चवड्यांवर उभी राहून. पेन्सिल नसल्यामुळे निळ्या बॉलपेनानं.

दुसऱ्या दिवशी ॲपवर नोंद होती: 'अर्धा दिवस रजा, आपोआप.' म्हणजे परमिशनच्या वेळेआधी बाहेर पडल्यामुळे सिस्टीमनं हाफ डे कापला होता. जो मी मागितला तेव्हा मिळाला नाही, तो मी न मागता वसूल झाला. आणि तुम्ही तर गेलाच होतात.

मी साहेबांकडे गेले. "तुम्ही वाचवलेली रजा गेली."

"सिस्टीमनं कापली, मॅडम. मी नाही."

"मग भलंसुद्धा सिस्टीमलाच करू द्यायचं होतं."

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. साहेब खुर्चीत पुढे सरकले, आवाज खाली आणला. "असं करू. मी तुमची बाहेर पडायची वेळ दुरुस्त करून देतो. साडेचार दाखवू. परमिशनमध्ये बसेल, रजा परत येईल. झालं?"

त्यांचं गोड बोलणं काय चीज होती ते मला तेव्हा समजलं. साडेचार लिहिलं की मी त्या दिवशी वेळेवर, राजीखुशीनं, साहेबांच्या कृपेनं घरी गेले असं झालं असतं. रिपोर्टही पुन्हा स्वच्छ.

"काही दुरुस्त करू नका," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मी तीनला गेले, तीनच राहू द्या. अर्धा दिवस कापलाय, तो रिपोर्टात वर दिसू द्या. आणि यापुढे मी हाफ डे टाकला की मला माझ्या रजेची काटकसर शिकवायची नाही."

"एवढं चिडण्यासारखं काय झालं?"

"ते तुम्हाला कळलं असतं तर झालंच नसतं."

पुढच्या महिन्यात अमरावतीच्या मुलीनं पाळणाघराच्या संमेलनासाठी हाफ डे टाकला. नामंजूर, शेरा तोच. तिनं तोच अर्ज पुन्हा टाकला. पुन्हा नामंजूर. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले आणि काचेतून साहेबांकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा टाकला तो मंजूर झाला. मी निवृत्त होईपर्यंत आमच्या रांगेत परमिशन कोणी घेतली तर स्वतःच्या सोयीनं घेतली, साहेबांच्या सोयीनं नाही. एवढं समाधान मिळालं. राग त्यानं गेला नाही. पुढच्या वर्षी तुम्ही निघालात तेव्हा मी घरीच होते आणि पट्टी नीट धरली. म्हणून ती खूण खाली आहे. तू बुटकी झाली नव्हतीस.

या दिवाळीआधी घराला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्यानं चौकट घासून देतो म्हणून सांगितलं, मी नको म्हटलं. निळ्या बॉलपेनाची तिरकी रेघ आहे तिथंच आहे.