दोघांकडून आलेलं

रक्तविकारांच्या परीक्षेची तयारी करत होतो, तेव्हा वॉर्डात भिवापूरची एक सिकलसेलची तरुणी आली. दिवसभर उन्हात मिरच्या तोडल्या, पाणी प्यायली नाही आणि हाडांत असह्य कळा उठल्या. आम्ही सलाइन लावलं, मॉर्फिन दिलं.

दुखणं उतरल्यावर तिच्या आईनं मला विचारलं, "आम्हा दोघायले काही नाही, मंग हिलेच काहून?"

"तुम्हा दोघांत एकेक बदललेला जनुक आहे. हिला दोन्ही मिळाले. त्यामुळे हिमोग्लोबिनमध्ये एकच अमिनो आम्ल बदललं. प्राणवायू किंवा पाणी कमी पडलं, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिनी अडवतात."

मुलगी उठून बसली. "मंग माह्या लेकरायले?"

"नवऱ्यात हा जनुक नसेल, तर लेकरं फक्त वाहक होतील. त्यांना आजार होणार नाही."

"म्हणजे पत्रिकेच्या आधी रक्त पाहा लागते," ती आईला म्हणाली.