नामनिर्देशित आकृती

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सांगत, "प्रश्न कसाही असो, उत्तर पूर्ण लिहा आणि खाली सुबक, नामनिर्देशित आकृती काढा." या एका सवयीवर मी तालुक्याच्या गावातून इंजिनिअरिंगपर्यंत पोहोचले. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. सरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच सवयीने एकदा माझी फजिती केली.

मी आणि ऑफिसातली माझी तमिळ मैत्रीण चेन्नईच्या पेरुंगुडी भागात एकाच इमारतीत भाड्याने राहतो. आमच्या भागात पाणी टँकरने येतं. इमारतीखालच्या टाकीतलं पाणी संपत आलं की धावपळ सुरू होते. आम्ही ठरवलं की टाकीच्या झाकणाला आतून एक सेन्सर लावायचा. तो आवाजाच्या लहरी सोडून पाण्याची पातळी मोजेल. रोजचा वापर बघून मोबाइलवर आधीच निरोप येईल, 'उद्या दुपारपर्यंत पुरेल, टँकर सांगा.' सहा आठवडे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आम्ही त्यावर खपलो. नोकरी सोडून हेच करायचं, असं स्वप्नही पडू लागलं होतं.

पहिली टाकी मिळायची ती आमच्याच इमारतीची, आणि त्यासाठी सेक्रेटरींची परवानगी हवी. हे बँकेतून निवृत्त झालेले, तंजावरकडचे मराठी. सगळी इमारत त्यांना मामा म्हणते. त्यांची मराठी तमिळ चालीची; मुलींना ते लाडाने 'मा' म्हणतात. पण त्यांचा पुतण्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि तिथेच माझा जीव अडकला.

"त्यांनी पुतण्याला सांगितलं तर?" मी म्हणाले.

"तर आपण गावाला जाऊन शेळ्या पाळू," मैत्रीण म्हणाली. "अगं, न सांगता टाकीत उतरणार कशी?"

शेवटी मी इंटरनेटवरून गुप्ततेच्या कराराचा नमुना उतरवला. आधी सही, मग कल्पना. नमुन्यात एक रिकामी जागा होती: 'गोपनीय माहितीचे स्वरूप'. ती मी मन लावून भरली.

रविवारी सकाळी मामा खाली टाकीपाशीच टँकरची वाट बघत उभे होते. मी कागद पुढे केला. "मामा, आधी सही करा, मग सांगते."

"वाचल्याशिवाय सही? तीस वर्षं बँकेत होतो, मा." त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान उलटलं. दुसऱ्यावर बराच वेळ थांबले. मग खांदे हलू लागले.

"अय्यो! सेन्सर इथे, झाकण इथे, पाणी इथे. बाणसुद्धा काढलेत! आता सांगायचं काय राहिलं?"

मैत्रिणीने कपाळाला हात लावला. मी रिकाम्या जागेत दीड पान उत्तर लिहून खाली आकृती काढली होती. मी घाईने म्हणाले, "मामा, तुमच्या पुतण्याला..."

"त्याला? त्याला स्वतःच्या बाथरूमचा नळ बंद करायची आठवण राहत नाही. आणि टाकीत पाणी किती ते बघावं, ही कल्पना माझ्या आजीलाही होती. ती काठी बुडवायची." मग मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. "पण एक सांग. आकडा कुणाकुणाला दिसणार?"

त्याचा मी विचारच केला नव्हता.

"टँकरवाल्याला कळलं की आमच्याकडे दोन तासांचंच पाणी आहे, तर तो भाव काय सांगेल? तू सेन्सर लपवतेस, मा. लपवायचा तर आकडा."

त्यांनी माझाच करार उलटा केला. आकृतीवर काट मारून 'गोपनीय माहिती' म्हणून एकच ओळ लिहिली: या इमारतीच्या पाण्याचे आकडे. सही त्यांनी नव्हे, आम्ही करायची. आम्ही दोघींनी टाकीच्या कठड्यावर कागद ठेवून सह्या केल्या. दुपारी झाकण उघडलं.

पुढे मागच्या गल्लीतल्या एकाने तसाच सेन्सर खरंच बनवला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ज्या सोसायटीला तो विकायला गेला, तिथल्या सेक्रेटरी बाईंनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "चांगला आहे. फक्त आकडे कुणाला देणार नाही, असं लिहून घ्या."

त्याला ते लिहून देता येईना, कारण त्याचा धंदा टँकरवाल्याच्याच पैशांवर उभा होता. बाई आमच्याकडे आल्या.

आता आम्ही नव्या ठिकाणी गेलो की सगळं मोकळेपणी सांगतो. कुणी आकृती मागितली, तर तीही काढून देते, सुबक. आकड्यांचा पासवर्ड मात्र मैत्रिणीकडे असतो. ती म्हणते, "तुझ्याकडे दिला, तर तू त्याचंही पूर्ण उत्तर लिहिशील."