टाकी धुण्याची नोटीस

आमच्या सोसायटीत पाण्याची नोटीस लागली की माणसं ती शेवटपर्यंत वाचत नाहीत. 'पाणी बंद' एवढे दोन शब्द दिसले की झालं, सगळे बादल्यांकडे धावतात. कळशा, पातेली, पिंपं, कुकरसुद्धा भरून ठेवतात. रत्नागिरीत पाऊस एवढा कोसळतो आणि तरीही आम्ही असे पाण्याला हपापलेले. मी हसायची या सगळ्याला. आता हसत नाही.

मी सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्यात जन्म घालवला. निवृत्त झाले तरी ते काम काही सुटलं नाही. सोसायटीची कुठलीही नोटीस लावायची असली की सेक्रेटरी कच्चा कागद घेऊन माझ्याकडे येतो. बँकेतला मुलगा, हुशार आहे, पण मराठी लिहायला बसला की रडकुंडीला येतो. त्या श्रावणातल्या संध्याकाळीही तो आला, छत्री दारातच निथळत ठेवली आणि म्हणाला, "काकू, जरा नीट करून द्या ना. तुमचा हात लागला की कसं वजन येतं."

कागदावर लिहिलं होतं, 'उद्या पाणी येणार नाही. टाकी साफ करायची आहे. पाणी भरून ठेवा.'

"ऐन पावसात टाकी कसली साफ करताय?" मी विचारलं. "ती तर उन्हाळ्यात झाली."

"असंच काकू, रूटीन. गणपतीत पाहुणे येतात ना सगळ्यांकडे."

तो बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. मला ते खटकलं होतं. पण चहाचं आधण उकळत होतं, आणि मसुदा सुधारायचा म्हटलं की मला दुसरं काही सुचत नाही, हेही खरंच. मी चष्मा लावला आणि बसले.

'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीची तळाची व गच्चीवरील पाण्याची टाकी स्वच्छ करावयाची असल्याने उद्या सकाळपासून काम पूर्ण होईपर्यंत पाणीपुरवठा बंद राहील. या काळात फिल्टरला पाणी मिळणार नाही. तरी पिण्यासाठी व वापरासाठी लागणारे पाणी आजच भरून ठेवावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल समिती दिलगीर आहे.'

फिल्टरचं वाक्य माझं. मागच्या वेळी वरच्या मजल्यावरच्यांनी त्यावरून केवढा गोंधळ घातला होता! सेक्रेटरीने वाचलं आणि म्हणाला, "झकास!" चहा न घेताच तो पळाला.

नोटीस लिफ्टपाशी लागली, ग्रुपवरही आली आणि अख्ख्या इमारतीत नळ सुटले. भिंतीतल्या पाइपांतून पाणी नुसतं धो धो खाली येत होतं. खाली पंप सुरू होता, तो बंद होईना. मीही माझी दोन पिंपं भरली.

समोरच्या घरात माझ्या वयाची शेजारीण राहते. तिचा जावई आखातात असतो. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, अंगावरचं दूध कमी, म्हणून नातीला वरचं दूध चालू होतं. शेजारीण बाळाच्या पाण्याची एवढी काळजी घ्यायची की विचारू नका. फिल्टरचं पाणी उकळून थर्मासमध्ये ठेवायची. पावडरचं दूध कालवताना थर्मासमधलं पाणी कोमट करायला लागणारं गार पाणीसुद्धा फिल्टरचंच. त्या संध्याकाळी ती दारातूनच ओरडली, "ताई, मी तांब्याची कळशी पण नळाखाली भरली हो! उद्या फिल्टर नाय ना चालायचा."

"बरं केलंत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणी बंद झालं. दुपारी पाऊस थांबला म्हणून भाजी आणायला खाली उतरले, तर तळाच्या टाकीचं झाकण उघडं होतं. टाकी साफ करणारे नाकाला फडकी बांधून उभे होते. बादलीतून वर येणारा गाळ काळा होता आणि वास असा होता की मी पदर नाकाला लावला. मी आयुष्यात टाक्या पाहिल्यात. टाकीच्या गाळाला मातीचा वास येतो. हा तसला वास नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

प्लंबर म्हणाला, "सेप्टिक टाकीला चीर गेलीय, बाई. पावसानं जांभ्या दगडातून सगळं झिरपलं नि हिकडे आलं. काल बघून सांगितलं की सेक्रेटरीसायबांना."

काल! माझ्या हातातली पिशवी तिथेच राहिली. जिना कसा चढले मला माहीत नाही. सेक्रेटरीच्या दारावर मी बेल वाजवली नाही, थापा मारल्या.

"तुला ठाऊक होतं?"

त्याने मागचं दार ओढून घेतलं. "काकू, हळू बोला. अध्यक्ष म्हणाले, लोक घाबरतील. माणसं आजच मिळत होती, मग काल एका रात्रीसाठी कशाला..."

"अरे मेल्या, आपण लोकांना सांगितलं भरून ठेवा! पिण्यासाठी भरून ठेवा! घराघरांत भरून बसलंय ते!"

हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. पाण्याच्या नोटिशीत 'भरून ठेवा' असतंच, म्हणून त्यानेही लिहिलं होतं.

मी थेट माझ्या मजल्यावर आले. समोरचं दार बंद होतं, कुलूप. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, बाळाला सकाळपासून उलट्या-जुलाब, आत्ताच रिक्षा करून दवाखान्यात नेलं. मी शेजारणीला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"कसं आहे बाळ?"

"डोळे आत गेलेत, ताई. रडत पण नाय. डॉक्टर विचारतात, पाणी कसलं दिलंत? मी बोलले, पाणी चांगलं आहे, बिल्डिंगची टाकी फक्त धुवायला काढलीय, नोटीस लागलीय तशी. आम्ही पाणी उकळतो. थर्मासचं कोमट करायला फक्त काल रात्रीपासून कळशीतलं घातलं."

"ते सांगा त्यांना! कळशीतलं पाणी घाण आहे, संडासाचं पाणी मिसळलंय त्यात. आत्ताच्या आत्ता सांगा!"

ती हळूच म्हणाली, "पण ताई, नोटीस तर तुम्ही लिहिली होती." आणि मग ती "डॉक्टर, डॉक्टर" करत धावली, ते मला फोनवर ऐकू येत राहिलं.

मी रडत रडत एकेक दार वाजवलं आणि पाणी ओतून द्यायला लावलं. एक गृहस्थ पिंप अडवून उभे राहिले. म्हणाले, "काकू, कालच तर भरा म्हणालात." मी त्यांना बाजूला ढकललं आणि पिंप स्वतः आडवं केलं.

बाळ वाचलं. सलाइन लावून बरेच दिवस दवाखान्यात होतं. आता घरभर रांगतं, माझ्याकडेही येतं. त्याच्या आजीने मला कधी बोल लावला नाही. उलट ईदला शीरखुर्मा आधी माझ्याकडेच येतो.

पण आता लिफ्टपाशी कसलीही नोटीस लागली, लिफ्टच्या दुरुस्तीची असो की पंपाची, की ती नातीला कडेवर घेऊन माझ्या दारात येते. आत येत नाही. उंबऱ्याबाहेरूनच विचारते, "ताई, लिवलंय तसंच आहे ना?"

मी चपला घालते. खाली जाऊन स्वतः बघून येईपर्यंत ती तिथेच उभी असते.