आठ महिन्यांत दहा महिन्यांचं व्याज

आमच्या हिशेबनिसांना सगळे 'ताळेबंद' म्हणायचे, तेही तोंडावर. चहाच्या वर्गणीत आठ आणे जास्त आले तर हा माणूस दुपारभर त्यांचा मालक शोधत फिरायचा. मी टंकलेखनाच्या टेबलावर, ते समोर. बावीस वर्षं ते टक्कल मी पाहतेय. माणूस वाईट नाही, पण हेकट. कुणी काही सुचवलं की ठरलेलं उत्तर, "मला शिकवू नका." मी म्हणायची, "अहो, शिकवत नाही, पंखा बंद करा म्हणतेय!"

आमचं ऑफिस म्हणजे कारखान्याच्या कामगारांचा निवृत्ती निधी. कामगारांचे पैसे रोख्यांत गुंतवायचे, व्याज गोळा करायचं, कुणी निवृत्त झाला की रोखे विकून त्याची रक्कम द्यायची. दलालाशी बोलून रोखे घ्यायचं काम ताईंकडे होतं. ताई माझ्यापेक्षा लहान, पण त्यांच्या शांतपणामुळे सगळेच त्यांना ताई म्हणायचे. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि कमावणारी ही एकटी. रोखे ताईंनी आणायचे आणि वहीत ताळेबंदांनी लिहायचे, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

नोव्हेंबरात पाच जण एकदम निवृत्त झाले म्हणून दहा लाख दर्शनी किमतीचे रोखे विकले. ताळेबंदांनी खातं बंद केलं तर दहा हजारांचा तोटा! खरेदी नऊ लाख नव्वद हजार, विक्री नऊ लाख ऐंशी. अध्यक्षांनी ताईंना बोलावलं. ही खरेदी ताईंनी एका नव्या दलालाकडून केली होती, तेवढं निमित्त पुरलं. "चढा भाव देऊन त्याचं भलं केलंत, तुमच्या वाट्याला काय आलं?" असं सरळ तोंडावर विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'खरेदीत माझी चूक झाली' असं लिहून दिलं, साठवलेल्यातले दहा हजार निधीत भरले आणि घरी बसल्या. कामावरून काढायचं का, ते गुरुवारच्या बैठकीत ठरणार होतं.

मला इतका राग आला होता! मी ताळेबंदांना म्हटलं, "तुम्ही तरी दोन शब्द बोला तिच्या बाजूनं."

"आकडे बोलतात, मी कशाला बोलू?"

घ्या! दगडाला पाझर फुटेल, पण यांना नाही.

मंगळवारी जेवणानंतर ते वर्षाच्या व्याजाचा मेळ घालत बसले. हा त्यांचा नेहमीचा रिवाज, रोखा किती महिने आपल्याकडे होता आणि व्याज किती आलं, ते ताडून बघायचं. मी पत्र टाइप करत होते. एकदम समोरचा पेनाचा आवाज थांबला.

"बाई," ते म्हणाले, "मार्चच्या एक तारखेला घेतले, नोव्हेंबरच्या एक तारखेला विकले. किती महिने झाले?"

"आठ."

"बारा टक्क्यांनी दहा लाखांवर महिन्याला दहा हजार. म्हणजे ऐंशी हजार यायला हवेत. वहीत एक लाख आहेत."

"जास्त आले तर बरंच की!"

ते हसले नाहीत. उठून कपाटातून दलालाचं बिल काढलं आणि उभ्यानंच वाचलं. मग खाली बसले ते असे, की मी पाणी आणायला धावले.

मला त्यांनी समजावून सांगितलं ते असं. या रोख्यांचं व्याज जून आणि डिसेंबरअखेर मिळतं. मार्चमध्ये घेताना जानेवारी-फेब्रुवारीचं वीस हजार व्याज त्यात आधीच साचलेलं होतं. आमचा जुना दलाल नेहमी व्याजाविना भाव लावायचा, म्हणजे एक्स-इंटरेस्ट. रोख्याची किंमत एका ओळीत, साचलेलं व्याज वेगळ्या ओळीत. ताळेबंद ती व्याजाची ओळ व्याजाच्या रकान्यात वजा लिहायचे आणि किंमत भांडवलाच्या रकान्यात. हात इतका बसलेला, की डोकं लावायला नको. नव्या दलालाचा भाव व्याजासकट होता, कम-इंटरेस्ट, यातलं 'कम' म्हणजे सह. त्यामुळे बिलात व्याजाची ओळच नव्हती, फक्त खाली तो एक शब्द होता. ओळ दिसली नाही म्हणून यांनी नऊ लाख नव्वद हजार सगळेच्या सगळे भांडवलात टाकले.

"त्यातले वीस हजार व्याजाचे, बाई. रोख्यांची खरी किंमत नऊ लाख सत्तर. विकताना भाव व्याजाविना होता, म्हणून नऊ ऐंशी निव्वळ किमतीचे आणि चार महिन्यांचं चाळीस हजार व्याज वर, वेगळं. जूनअखेरचे साठ हजार धरून वहीत एक लाख झाले ते असे. दलाली या आकड्यांत धरलेलीच आहे."

"मग तोटा?"

"तोटा नाहीच. दहा हजार नफा आहे." त्यांनी चष्मा काढला. "तिनं नफा करून दिला आणि मी तिच्याकडून भरपाई घेतली. पावती माझ्या हातची आहे."

मग म्हणाले, "तिनं सांगितलं होतं. बिल देताना म्हणाली होती, या वेळी भाव व्याजासकट आहे हं. मी म्हणालो, मला शिकवू नका."

मी पाण्याचा पेला पुन्हा भरून त्यांच्यापुढे ठेवला.

चिटणीसांकडे ते तेव्हाच गेले. चिटणीस म्हणाले, "वीस हजार भांडवलातून व्याजाकडे वळवा, वर्षअखेरीला करू दुरुस्ती. आत्ता गाजावाजा कशाला? दोन महिन्यांत तुम्हीही निवृत्त होताय." परत आल्यावर ते मला म्हणाले, "एक क्षण मला बरं वाटलं, बाई. त्याचीच लाज वाटतेय." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, असं त्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं.

गुरुवारी ताईंना बोलावलं होतं. नोंदी लिहून घ्यायला मी होतेच. अध्यक्षांनी विषय काढायच्या आत ताळेबंद उभे राहिले. सगळं सांगितलं. बिल, वीस हजार, नफा, चिटणीसांचा सल्ला आणि ते 'मला शिकवू नका'सुद्धा. चिटणीस छताकडे बघत होते.

अध्यक्ष वैतागले. "अहो ताई, मग तुम्ही चूक लिहून कशी दिलीत? भाव व्याजासकट होता हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"वाटत होतं, साहेब." ताईंचा आवाज नेहमीसारखाच शांत. "यांना सांगितल्याचंही आठवत होतं. पण वहीत तोटा दिसला. यांचा हिशेब कधी चुकत नाही. म्हणजे मलाच चुकीचं आठवतंय, असं धरून चालले. वडिलांनासुद्धा तेच सांगितलं, की मी पैसे बुडवले."

"मग ते काय म्हणाले?" अध्यक्षांनी उगाच विचारलं.

"काही नाही. बोलेनासे झालेत माझ्याशी."

ताळेबंद उभेच होते. "मी येतो घरी," ते म्हणाले. "आत्ताच येतो. त्यांना मी सांगतो, चोख सांगतो." आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तो माणूस भर बैठकीत लहान मुलासारखा रडला.

ताईंनी पिशवी उचलली. "चला," त्या म्हणाल्या. "पण जरा मोठ्यानं बोला. त्यांना आता कमी ऐकू येतं."